बायोडेटात आकडे कुठून आणायचे? येडशीतील शाळेची लिपिक आणि आशाताईच्या नोंदवहीतून समजून घ्या

‘कार्यालयीन सर्व कामे पाहिली.’ ‘रुग्णांची सेवा केली.’ नोकरीसाठी अर्ज करताना बायोडेटात हमखास दिसणारी ही दोन वाक्ये. विक्री विभागातला उमेदवार किती लाखांचा माल विकला ते लिहितो, गवंडीकामाचा ठेकेदार किती चौरस फूट बांधकाम केले ते सांगतो. पण शाळेच्या कार्यालयात बसणारी लिपिक, आशा कार्यकर्ती किंवा घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणारी बाई म्हणते, ‘आमच्या कामात आकडे नसतात हो.’

खरे तर या कामाइतके आकडे फार थोड्या कामांत असतात. धाराशिव जिल्ह्याचेच पाहा. केंद्र सरकारने जानेवारी 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार, वाशिम यांच्यासोबत तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा निवडला गेला. आरोग्य, शिक्षण, शेती अशा पाच क्षेत्रांतील 49 निर्देशांकांवर या जिल्ह्यांची प्रगती मोजली जाऊ लागली. जन्मतः कमी वजनाची बालके किती, हाही त्यातला एक आकडा. तो दिल्लीत तयार होत नाही. येडशीसारख्या गावात कुणीतरी बाळाला काट्यावर ठेवते आणि वजन वहीत लिहिते, तिथून तो वर जातो. ज्यांच्या वहीतून जिल्ह्याचा क्रम ठरतो, त्यांच्या स्वतःच्या बायोडेटात मात्र एकही आकडा नसतो.

तो कसा काढायचा? प्रश्न तीनच आहेत: काम किती मोठे होते, किती वेळा करावे लागे, आणि त्यातून काय बदलले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्यावर बहुतेकांची गाडी अडते, किंवा मग सुसाट सुटते.

शाळेच्या कार्यालयातले काम कसे मोजायचे?

येडशी हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. लातूर-बार्शी रस्ता इथेच त्याला मिळतो, आणि कुर्डुवाडी-लातूर मार्गावरचे रेल्वे स्थानकही आहे. समजा, इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात चार वर्षे काम केलेली तरुणी आता सोलापुरातल्या एका रुग्णालयात प्रशासन सहायक पदासाठी अर्ज करते आहे. (पुढचे तिचे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पद्धत मात्र कुठेही लागू पडेल अशी आहे.)

तिचा पहिला आधार म्हणजे आवक-जावक नोंदवही. कार्यालयात आलेले आणि बाहेर गेलेले प्रत्येक पत्र क्रमांकाने नोंदले जाते. वर्ष बदलले की हा क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो. म्हणजे वर्षाच्या शेवटच्या पानावर जावक क्रमांक 640 असेल, तर त्या वर्षी कार्यालयातून 640 पत्रे गेली. मोजायला पाच मिनिटेही लागत नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या पुस्तकावर छापील क्रमांक असतात. जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक असतो. कामाची व्याप्ती या वह्यांत आधीच मोजून ठेवलेली असते.

बोनाफाईडसारख्या दाखल्यांना क्रमांक नसेल, तर अंदाज काढावा लागतो, आणि इथे घोळ होतो. जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत, आठवड्याला 60 बोनाफाईड दिले असे तिला आठवते. मग 60 गुणिले 52, म्हणजे वर्षाला तीन हजारांवर दाखले! महाविद्यालयात विद्यार्थीच 420 असतील, तर हा आकडा वाचणाऱ्याला लगेच खटकतो. एका विद्यार्थ्याला वर्षात सात-सात बोनाफाईड कशाला लागतील?

गर्दीचा आणि साधा काळ वेगळा धरला तर हिशेब जमतो. गर्दीचे सहा आठवडे प्रत्येकी 60, म्हणजे 360. उरलेल्या साधारण 40 कामाच्या आठवड्यांसाठी ऑक्टोबर आणि फेब्रुवारीतला एकेक आठवडा आठवून पाहिला, तर सरासरी 12-13 येते, म्हणजे सुमारे 500. एकूण साडेआठशेच्या आसपास. बायोडेटात ‘वर्षाला सुमारे 850’ असे लिहावे. ‘सुमारे’ हा शब्द काढून टाकायचा मोह होतो, पण तो राहू द्यावा. मोजलेला आकडा आणि अंदाजाचा आकडा यांत फरक दाखवणाऱ्या उमेदवाराचे बाकीचे आकडेही विश्वासाचे वाटतात.

आता तिसरा प्रश्न, परिणामाचा. वर्षाला 850 दाखले दिले, हे झाले काम. त्याने कुणाचे काय भले झाले? दाखल्यांपुरते याचे उत्तर ‘अर्ज केल्यापासून दाखला हातात पडेपर्यंत किती वेळ लागे’ एवढेच असू शकते, आणि तेही पुरेसे आहे. ग्रामपंचायत किंवा तहसीलमधले काम असेल तर आणखी सोपे, कारण महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते आणि ती फलकावर लावावी लागते. फलकावरची मुदत आणि आपली प्रत्यक्ष वेळ शेजारी ठेवली की तुलना तयार.

पण आपल्या उदाहरणातल्या तरुणीचा खरा परिणाम दुसरीकडेच आहे, आणि तिला तो सांगण्यासारखा वाटतच नाही. तो आहे महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती अर्जांत. विद्यार्थ्याने भरलेला अर्ज आधी संस्थेच्या क्लार्क लॉगिनला येतो, तिथे कागद तपासले जातात, मग प्राचार्यांच्या लॉगिनमधून तो पुढे विभागाकडे जातो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असेल, बँक खाते आधारशी जोडलेले नसेल किंवा चुकीचा कागद जोडला असेल, तर अर्ज परत येतो. परत आलेला अर्ज विद्यार्थ्याने वेळेत पाहिला नाही, तर वर्षाची शिष्यवृत्ती जाते. बार्शीला किंवा धाराशिवला जाऊन-येऊन शिकणाऱ्या पोरांच्या घरात ही रक्कम मोजूनच धरलेली असते.

समजा, पहिल्या वर्षी तिच्याकडून 180 अर्ज गेले आणि त्यातले 40 परत आले. दुसऱ्या वर्षी तिने एक साधी गोष्ट केली. अर्ज पुढे पाठवण्याआधी तीन कागदांची चिठ्ठी करून प्रत्येक विद्यार्थ्याकडून ते समोर तपासून घेतले. त्या वर्षी 190 पैकी 12 परत आले. परत येण्याचे प्रमाण 22 टक्क्यांवरून सुमारे सहा टक्क्यांवर आले.

बायोडेटातली ओळ मग अशी होते: ‘420 विद्यार्थ्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयात दरवर्षी 180 ते 190 शिष्यवृत्ती अर्जांची छाननी. पूर्वतपासणीची चिठ्ठी सुरू केल्यानंतर परत येणारे अर्ज एका वर्षात 40 वरून 12 वर.’ व्याप्ती, वारंवारता आणि परिणाम, तिन्ही दोन वाक्यांत आले. रुग्णालयातल्या माणसाला महाडीबीटीशी काही देणेघेणे नसेल. पण विमा कंपनीकडून परत येणारे क्लेम ही त्याची रोजची डोकेदुखी असते. त्याला ही ओळ बरोबर कळते.

एक खबरदारी. त्याच वर्षी पोर्टलवरचा एखादा नियम बदलला असेल, किंवा वर्गशिक्षकांनीही अर्ज भरून घ्यायला मदत केली असेल, तर सगळे श्रेय एकटीने घेऊ नये. ‘वर्गशिक्षकांसोबत’ हा एक शब्द पुरतो.

आशाताईने काय लिहावे?

शुश्रूषेच्या कामात ‘परिणाम’ हा शब्द जास्त नाजूक होतो, कारण इथे परिणाम म्हणजे माणूस जगला की नाही इथपर्यंत जाऊ शकतो. म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

ग्रामीण भागात साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. नवजात बाळाच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर 2011 मध्ये सुरू झाला. त्यात दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे, अशा सहा भेटी ठरल्या. घरी बाळंतपण झाले तर पहिल्या दिवसाची सातवी भेट. प्रत्येक भेटीत बाळाचे वजन, ताप, अंगावर पिण्याची स्थिती बघून फॉर्म भरायचा. भेटी पूर्ण झाल्या की त्यासाठी 250 रुपयांचा मोबदला ठरवण्यात आला. मोबदल्यासाठी फॉर्म द्यावाच लागतो, त्यामुळे तिच्या कामाची वारंवारता कागदावर असतेच.

राज्याचा जन्मदर हजारी 15 च्या आसपास आहे. म्हणजे एका आशाकडे वर्षाला साधारण 15 बाळे, त्यांच्या 90 भेटी. पाच वर्षांत 75 बाळे आणि 450 भेटी.

पण तिची प्रत्यक्ष वही उघडली की हे सरळ गणित मोडते. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. त्यामुळे गावातल्या सुनांची बाळे दुसऱ्या गावच्या आशाच्या वहीत जातात आणि गावच्या लेकींची बाळे हिच्या वहीत येतात. काही बाळे तिसऱ्या भेटीपर्यंत असतात आणि मग सव्वा महिना व्हायच्या आत सासरी जातात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे तान्ह्या बाळासह टोळीबरोबर निघून जातात. धाराशिव जिल्ह्यातून असे स्थलांतर दरवर्षी होते. आता 75 पैकी 58 बाळांच्याच सहाही भेटी पूर्ण झाल्या असतील, तर तिने ‘77 टक्के भेटी पूर्ण’ असे लिहून स्वतःला कमी दाखवायचे का?

इथे छेदाचा प्रश्न येतो, म्हणजे शंभर टक्के कशाला म्हणायचे. जी बाळे बेचाळीस दिवस गावातच होती, ती वेगळी मोजायला हवीत. समजा अशी 61 होती आणि त्यातल्या 58 बाळांच्या सहाही भेटी झाल्या. मग लिहायचे: ‘पाच वर्षांत 75 नवजात बाळांची नोंद. बेचाळीस दिवस गावात राहिलेल्या 61 पैकी 58 बाळांच्या सहाही गृहभेटी पूर्ण.’ गेलेली बाळे लपवलेली नाहीत आणि त्यांचा दोषही स्वतःवर घेतलेला नाही. छेद मोकळेपणाने सांगितलेला आकडा मुलाखतीत टिकतो, आणि नुसती टक्केवारी पहिल्याच प्रश्नाला गळते.

‘एकही बाळ दगावले नाही’ असे लिहावे का?

लिहू नये. मन मोठे करून नव्हे, गणितामुळे.

2020 च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे 11 बाळे पहिल्या 28 दिवसांत दगावतात. या दराने 75 बाळांत सरासरी एकही मृत्यू अपेक्षित नाही, हिशेब 0.8 च्या आसपास येतो. म्हणजे आशाने काहीही वेगळे केले नाही, तरी पाच वर्षांत शून्य मृत्यू येण्याची शक्यता दहात चाराहून जास्त आहे. उलट, एखाद्या जीव ओतून काम करणाऱ्या आशाच्या वहीत दोन मृत्यू असू शकतात. एवढ्या लहान संख्येत मृत्यूचा आकडा तिच्या कामाबद्दल काही सांगत नाही. आरोग्य क्षेत्रातला जाणकार ती ओळ वाचतो आणि उमेदवाराला आकड्याचा अर्थ कळत नाही, एवढेच त्याच्या लक्षात राहते.

असा दावा सिद्ध करायला काय लागते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ही सेवा दिलेली 39 गावे आणि न दिलेली 47 गावे यांची त्यात तुलना होती. तिसऱ्या वर्षी, सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. आशाच्या गृहभेटींचा देशव्यापी कार्यक्रम याच कामाच्या पायावर उभा आहे. परिणाम नि:संशय होता. पण तो दिसायला 39 गावे, तुलनेची 47 गावे आणि काही वर्षे लागली. एका गावाच्या वहीत तो दिसणार नाही.

मग एकट्या आशाने कोणता परिणाम सांगावा? मृत्यूच्या अलीकडचा, जो थेट तिच्या हातात होता. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ ओळखणे आणि धोका दिसला की दवाखान्यात पोहोचवणे. समजा 75 पैकी 14 बाळे अडीच किलोच्या आत होती. त्यांच्याकडे तिने ठरलेल्या भेटींव्यतिरिक्तही फेऱ्या मारल्या. सहा बाळांना दवाखान्यात न्यायला सांगितले आणि पाच प्रत्यक्ष पोहोचली. यातला ‘सहा’ हा तिच्या कामाचा आकडा, ‘पाच’ हा परिणामाचा. अहवालांत बहुतेकदा पहिलाच लिहिला जातो, कारण चिठ्ठी दिली की रकाना भरतो. पण सासूची समजूत काढणे, गाडीची सोय होईपर्यंत थांबणे, बाळ दाखल झाले का ते फोन करून विचारणे, ही सगळी मेहनत ‘पाच’मध्ये आहे. मुलाखतीत ‘मग सहावे का नाही पोहोचले?’ असा प्रश्न येणारच. त्याचे खरे उत्तर देता आले, तर त्या एका बाळाच्या हकिगतीतून तिचे काम बाकीच्या आकड्यांपेक्षा जास्त कळते.

घरच्या माणसाची शुश्रूषा केली असेल तर?

इथे ना वही असते ना फॉर्म. लग्नानंतर नोकरी सोडून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे दोन वर्षे केलेल्या बाईला बायोडेटातली ती दोन वर्षे रिकामी सोडावीशी वाटतात. ती आता वृद्धाश्रमात किंवा रुग्णसेवा पुरवणाऱ्या संस्थेत काम मागत असेल, तर तीच दोन वर्षे तिच्या सर्वांत कामाची आहेत.

तिने एका दिवसाचे वेळापत्रक आठवून लिहावे. हालचाल न करू शकणाऱ्या माणसाला पाठीवर, कमरेवर जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते. दिवसातून दोनदा इन्सुलिन, साखर तपासून नोंद, लघवीच्या पिशवीची सफाई. इथे एक मोह टाळावा. दोनदा गुणिले 730 दिवस करून ‘1,460 इंजेक्शने दिली’ असे लिहिले, तर ते हास्यास्पद दिसते. रोजच्या कामात वारंवारताच बोलते: ‘दोन वर्षे, रोज दोन वेळा.’ बेरीज तिथे करावी जिथे प्रत्येक वेळी माणूस किंवा प्रकरण नवे असते, जसे शिष्यवृत्तीचे अर्ज किंवा नवी बाळे.

परिणामही रोजच्या कामाशी जोडलेला घ्यावा. ‘पूर्णपणे अंथरुणावर असलेल्या रुग्णाची 24 महिने शुश्रूषा. दिवसा दोन तासांनी कूस बदलणे, रोज दोन वेळा इन्सुलिन. या काळात एकदा कमरेवर लाली दिसली, ती डॉक्टरांना दाखवून जखम होण्याआधी बरी झाली.’ हे ‘एकही जखम नाही’ यापेक्षा चांगले आहे. लाली हीच जखमेची पहिली खूण असते. बोटाने दाबल्यावरही ती जात नसेल, तर त्या जागेवरचा भार लगेच काढावा लागतो. ज्याला हे माहीत आहे, त्याने ती लाली वेळेत पाहिली होती, हे ही ओळ वाचणाऱ्या परिचारिकेला कळते.

आकडा खरा आहे हे कसे दाखवायचे?

मुलाखतीत कुणी वही मागत नाही. पण ‘हा आकडा कुठून आला?’ असे मात्र विचारतात. त्याचे उत्तर एका वाक्यात देता यायला हवे: ‘जावक क्रमांकावरून’, ‘क्लार्क लॉगिनवरून’, ‘गृहभेटीच्या फॉर्मवरून’, ‘तीन आठवड्यांच्या सरासरीवरून’. ज्या आकड्यासाठी असे वाक्य सापडत नाही, तो बायोडेटातून काढलेला बरा.

पुरावा म्हणून वहीच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवणे मात्र चूक आहे. त्यात विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक असतात, बाळंतिणींची नावे असतात, कुणाच्या जातीचे आणि उत्पन्नाचे तपशील असतात. ते कार्यालयाचे आणि त्या माणसांचे आहेत. मुलाखतीत असा फोटो दाखवणारा उमेदवार उद्या आपल्याही रुग्णांची माहिती अशीच बाहेर नेईल, असेच समोरच्याला वाटते.

नोकरी सुटली की वह्या हातून जातात, आणि दोन वर्षांनी जावक क्रमांक 640 होता की 460, हे कुणालाच आठवत नाही. म्हणून चार्ज देण्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढावा. प्रत्येक वर्षाचा शेवटचा क्रमांक, गेलेले आणि परत आलेले अर्ज, नोंदवलेली बाळे आणि पूर्ण झालेल्या भेटी, एवढेच आकडे, कुणाचेही नाव न घेता, स्वतःच्या डायरीत उतरवून त्यापुढे तारीख टाकावी.